स्वस्त रवा महाग कसा पडला?

विद्यार्थी मित्रहो, आमच्या घरची जुलै महिन्याची वाणसामानाची बिले घेऊन परवा मी हिशेबाला बसलो. त्यांतले दोनच जिन्नस पाहू.

कांदे 10 किलोची गोणी घेतली, 250 रुपयांना. सुटे कांदे 32 रुपये किलो होते. रवा 2 किलोचा पुडा 100 रुपयांना आणला. अर्ध्या किलोचा पुडा 28 रुपयांना, म्हणजे किलोला 56 रुपये पडला असता. बिलावरून पाहता दोन्हीकडे फायदाच!

पण आपण बिल खात नाही, कांदे खातो. म्हणून किमतीला विकत घेतलेल्या वजनाने नव्हे, तर पोटात गेलेल्या वजनाने भागले पाहिजे. सडून फेकलेले कांदे आम्ही रोज तराजूवर ठेवून वहीत लिहीत होतो. (साले मोजली नाहीत, कारण ती सुट्या कांद्यांनाही असतात.) महिनाअखेर गोणी संपली तेव्हा बेरीज 1.2 किलो झाली. उरले 8.8 किलो. 250 भागिले 8.8 म्हणजे किलोला सुमारे 28 रुपये 40 पैसे. गोणी तरीही स्वस्तच.

रव्याची गोष्ट निराळी. पावसाळी दमट हवेत तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या तळाशी जाळी धरली, अळ्या दिसल्या आणि 450 ग्रॅम रवा टाकावा लागला. 100 भागिले 1.55 म्हणजे किलोला 64 रुपये 50 पैसे! लहान पुड्यांपेक्षा साडेआठ रुपये जास्त.

गंमत अशी, की नासाडी कांद्यांची अधिक, पण तोटा रव्यात. असे का? 250 रुपयांत सुटे कांदे 7.8 किलो आले असते. तेव्हा गोणीतले 2.2 किलो सडेपर्यंत आपले काही बिघडत नाही. रव्याच्या 100 रुपयांत लहान पुड्यांतून 1.786 किलो रवा मिळाला असता; म्हणजे नासाडीला मुभा फक्त 214 ग्रॅमची. शेकड्यात पाहा: कांद्यात सूट सुमारे 22 टक्के, मुभाही तेवढीच, रव्यात सूट 10.7 टक्के, मुभाही 10.7 टक्के. मोठ्या पुड्यावर जितके टक्के सूट, तितकेच टक्के माल वाया गेलेला चालतो.

एक त्रुटी सांगून ठेवतो. साठवणीत कांद्यातले पाणी उडून वजन आणखी थोडे घटते. ते मी धरलेले नाही.

ऑगस्टात आम्ही 2 किलोचा पुडा त्याच भावाने आणला आणि सगळा रवा त्याच दिवशी कोरडा भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला. या खेपेस फक्त 60 ग्रॅम वाया गेला. 100 भागिले 1.94 म्हणजे किलोला 51 रुपये 55 पैसे. मात्र यात भाजण्याचा गॅस धरलेला नाही. तो खर्च किती रुपयांपर्यंत गेला तर लहान पुडेच परवडतील, ते तुम्ही काढून पाहा. माझे उत्तर 8 रुपये 64 पैसे आले आहे.