पडदा आडवा झाला म्हणून पोराला ओरडू नका

आईबाबांनो, सुलतानपुरात मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे अभ्यासापेक्षा जास्त फोन मला मशीन बिघडल्याचेच येतात. त्यातला एक ठरलेला असतो. "मॅडम, पोट्ट्यानं कॉम्प्युटर उलटा करून टाकला." पलीकडून रडण्याचा आवाज येत असतो, म्हणजे मशीनकडे बघण्याआधी पोराला दोन ठेवून झालेल्या असतात. मग कुणीतरी 'व्हायरस आला' म्हणतं, दुसऱ्या दिवशी डबा पोत्यात घालून मेहकरला नाहीतर लोणारला जातो, आणि 'फॉरमॅट करावं लागेल' हे ऐकून माणूस मान हलवतो. एका घरी असंच झालं. पडदा सरळ होऊन आला, पण मुलीच्या बारशाचे फोटो गेले. ते फक्त त्याच मशीनमध्ये होते.

म्हणून आज हे नीट समजावून सांगते. पडद्यावर दिसणारं चित्र मॉनिटर स्वतः तयार करत नाही. ते कॉम्प्युटरमधला ग्राफिक्सचा भाग तयार करतो आणि केबलमधून पाठवतो. पाठवण्याआधी ते पाव, अर्धं किंवा पाऊण फिरवायची सोय त्यात मुद्दाम दिलेली आहे. मॉनिटर बिचारा आलं तसं दाखवतो. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ही सोय चक्क कीबोर्डवर होती. Ctrl आणि Alt दाबून ठेवून खालचा बाण दाबला की चित्र उलटं, डावा-उजवा बाण दाबला की आडवं. आता डेस्कटॉपचा कीबोर्ड डोळ्यांसमोर आणा. गेम अडकला की मुलं Ctrl+Alt+Delete दाबतात, आणि Delete ज्या सहा बटणांच्या गटात आहे त्याच्या बरोबर खाली बाणांची बटणं आहेत. बोट थोडं खाली पडलं की झालं. कीबोर्डवरची धूळ पुसताना आईच्या हातूनही हे होतं, पण तेव्हा कुणी कुणाला मारत नाही, एवढंच.

खरंच सेटिंग फिरलंय की मॉनिटरमध्ये काही बिघाड आहे, हे मिनिटभरात कळतं. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली त्याचं स्वतःचं मेनूचं बटण असतं, ते दाबा. ब्राइटनेस वगैरेची जी छोटी चौकट येते ती मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटर नाही. ती चौकट सरळ आणि मागचं चित्र उलटं असेल, तर मॉनिटर ठणठणीत आहे. चित्र कॉम्प्युटरकडूनच फिरून येतंय. दुसरी खूण म्हणजे मशीन बंद करून चालू करताना पहिल्यांदा कंपनीचं नाव कसं दिसतं ते बघणं. ते बहुतेक वेळा सरळ येतं आणि विंडोज उघडल्यावर सगळं फिरतं, कारण फिरवायचं काम विंडोज करतं आणि नाव दिसतं तेव्हा ते अजून जागं झालेलं नसतं. या दोन्ही खुणा जुळल्या तर मशीन गाडीत घालू नका.

आधी Ctrl आणि Alt दाबून ठेवून वरचा बाण दाबून बघा. जुन्या इंटेलच्या मशीनवर चित्र तेवढ्यानंच सरळ होतं. नव्या ड्रायव्हरमध्ये ही बटणं बंद असतात किंवा नसतातच. तसं असेल तर विंडोजच्या सेटिंगमधूनच जावं लागतं. तिथे पोचायला विंडोजचं बटण दाबून ठेवून R दाबा, आणि येणाऱ्या छोट्या चौकटीत हे टाइप करून Enter दाबा:

```
ms-settings:display
```

पान उघडेल, पण तेही उलटंच असेल. वाचता येत नसेल तर मोबाइलनं पडद्याचा फोटो काढा आणि तो फोटो फिरवून वाचा. पान थोडं खाली सरकवलं की Display orientation असं लिहिलेलं दिसेल. त्यात चार पर्याय असतात: Landscape, Portrait, Landscape (flipped) आणि Portrait (flipped). आपल्याला सगळ्यात पहिला, Landscape, हवा.

इथे लोकांची गाडी अडते ती माऊसपाशी. चित्र फिरलेलं असलं की माऊस उजवीकडे नेला तर बाण वर किंवा खाली पळतो, आणि माणूस वैतागून सोडून देतो. त्यावर उपाय असा की चित्राचं डोकं ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला माऊसचं तोंड करून धरायचं. चित्र पूर्ण उलटं असेल तर माऊसही उलटा, तोंड आपल्याकडे करून. डोकं डावीकडे असेल तर माऊसचं तोंड डावीकडे. मग हात जिकडे जाईल तिकडेच बाण जातो. मुलांना हे एकदा दाखवा, ती हसत हसत दुरुस्त करतात.

Landscape निवडल्यावर चित्र सरळ होतं आणि एक प्रश्न येतो, Keep these display settings? इथे Keep changes दाबायलाच हवं. पंधरा सेकंदांत दाबलं नाही तर विंडोज समजतं की तुम्हाला पडदा वाचताच येत नाहीये, आणि स्वतःहून पहिल्या स्थितीत परत जातं. 'सरळ केलं होतं, पण परत उलटं झालं' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं बहुतेक इथंच चुकलेलं असतं. पडदा उलगडून टॅबलेट होणारा लॅपटॉप असेल, तर त्यात मोबाइलसारखा धरण्याची दिशा ओळखणारा सेन्सर असतो. तिथे Rotation lock चालू केलं की विषय संपला.

आता ज्या सोयीमुळे पोरानं मार खाल्ला, तीच सोय त्याच्या अभ्यासाला कशी लावायची ते सांगते. दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला साडेएकवीस इंची जुना मॉनिटर घेतला. त्याचा स्टँड पडदा उभा फिरवता येईल असा होता. मुलगी ई-बालभारतीवरून उतरवलेली गणित भाग २ ची पीडीएफ वाचायची, म्हणजे भूमिती. आडव्या पडद्यावर पान रुंदीभर मोठं केलं की पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसायचा. प्रमेय वर, आकृती खाली. सिद्धतेची एकेक ओळ वाचायची आणि आकृती बघायला पान खालीवर करायचं.

हिशोब सोपा आहे. हा पडदा सुमारे ४७.६ सेंटीमीटर रुंद आणि २६.८ उंच असतो. ए-४ आकाराचं पान धरू. आडव्या पडद्यावर खालच्या-वरच्या पट्ट्या सोडून २३ सेंटीमीटर उंची उरते. त्यात अख्खं पान बसवलं तर त्याची रुंदी सोळा-सव्वासोळा सेंटीमीटर होते, आणि दोन्ही बाजूंना पडदा नुसता रिकामा राहतो. तोच पडदा उभा केला की पान २६ सेंटीमीटर रुंद आणि जवळपास ३७ उंच होतं. म्हणजे अख्खं पान एकदम दिसतं आणि अक्षर दीडपटीहून मोठं होतं. प्रमेय आणि आकृती एकाच नजरेत येतात.

पडदा उभा करताना घाई नको. आधी केबलला पुरेशी ढील आहे ना ते बघा. मग स्टँड पूर्ण वर ओढा, पडदा जरा मागे कलता करा आणि दोन्ही कडा धरून हळूच फिरवा. वर न ओढता फिरवला तर खालचा कोपरा टेबलावर आपटतो. पुष्कळ स्टँड एकाच दिशेला फिरतात. एकीकडे अडला तर जोर न लावता दुसरीकडे बघा. साधा, न फिरणारा स्टँड असेल तर मॉनिटर उभा करून भिंतीला टेकवून ठेवायचा जुगाड करू नका. केबलच्या पिना वाकतात आणि पडदा घसरतो.

मग त्याच Display orientation मध्ये Portrait निवडा. चित्राचं डोकं खाली गेलं तर घाबरू नका. तुमचा स्टँड दुसऱ्या दिशेला फिरलाय, एवढाच त्याचा अर्थ. Portrait (flipped) निवडा आणि Keep changes दाबा. टेबलावर दोन मॉनिटर असतील तर आधी वरच्या चौकटीतला योग्य आकडा निवडा, नाहीतर भलताच पडदा फिरेल. अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसू लागली, तर स्टार्टमध्ये `cttune` टाइप करून येणाऱ्या नमुन्यांतून स्पष्ट वाटेल तो निवडत जा. अक्षर ठळक दिसावं म्हणून विंडोज पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची रांग धरून चालतं, आणि पडदा फिरला की ती रांगच उभी होते.

जुना मॉनिटर विकत घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा. पडद्यासमोर खाली बसून वर बघा. चित्र काळपट पडलं किंवा रंग उलटे दिसले, तर तो टीएन जातीचा स्वस्त पॅनेल आहे. आडवा असताना हा दोष फारसा जाणवत नाही, कारण खालून कोण बघतं? पण उभा केला की तीच खालची बाजू डावी किंवा उजवी होते. मग एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळपट दिसतं, आणि पोरगी अर्ध्या तासात डोळे चोळू लागते. आयपीएस पॅनेलला हा त्रास होत नाही, पण त्याला चार पैसे जास्त पडतात. माझं मत विचाराल तर टीएन मॉनिटर उभा करण्यापेक्षा आडव्यावरच वाचलेलं बरं.

उंचीचंही बघा. उभा पडदा जवळजवळ अर्धा मीटर उंच होतो आणि मूल मान वर करून वाचू लागतं. स्टँड इतका खाली घ्या की पडद्याची खालची कड टेबलाला लागायच्या बेतात असेल, आणि पुस्तकाचं पान पडद्याच्या खालच्या भागात ठेवा. खुर्चीवर घडी केलेली सतरंजी टाकली तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळायला नकोत.

शाळेचा व्हिडिओ बघायचा असेल तर मात्र पडदा पुन्हा आडवा करा. १९२० बाय १०८० चा पडदा उभा केल्यावर व्हिडिओला १०८० ठिपक्यांचीच रुंदी मिळते आणि उंची सहाशेच्या आसपास उरते. वर-खाली नुसतं काळं. रोज फिरवाफिरवी करावी लागली तरी हरकत नाही, स्टँड त्यासाठीच असतो. आणि पडदा उभा ठेवलात तर मशीन चालू करताना कंपनीचं नाव आडवं पडलेलं दिसेल. ते तसंच दिसणार, विंडोज उघडलं की सरळ होईल. केबल दुसऱ्या खाचेत लावली किंवा मॉनिटर बदलला, तर विंडोज त्याला नवा समजून पुन्हा आडवं चित्र देऊ शकतं. तेव्हा Portrait पुन्हा एकदा निवडायचं. हे काम मुलीलाच करू द्या.