पुस्तकाचा करार : एका कागदावर चार रकाने

माझ्या पहिल्या कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपली. दुकानदार मागणी करत होते, पण प्रकाशक पुनर्मुद्रणाला तयार नव्हते. दुसरे एक प्रकाशक ती छापायला उत्सुक होते, म्हणून मी पहिल्यांना फोन करून म्हटलं, "तुम्ही छापणार नसाल तर हक्क मला परत द्या, मी दुसरीकडे देते." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अहो, ई-बुक चालू आहे की. पुस्तक संपलं कुठे?"

करार काढून पाहिला. मुदतीचं कलम एका ओळीचं होतं : ‘पुस्तक विक्रीस उपलब्ध असेपर्यंत हा करार अस्तित्वात राहील.’ हक्कांचं कलम त्याच्या आधीच्या पानावर होतं आणि त्यात ‘मुद्रित, डिजिटल, श्राव्य व अन्य सर्व स्वरूपांतील’ असे शब्द होते. दोन्ही कलमं सुटी वाचली तर कोणालाही बिनतक्रार वाटावीत. ती एकत्र वाचली की अर्थ बदलतो. छापील प्रती गोडाऊनमधून संपतात, ई-बुकची फाइल कधीच संपत नाही. फाइल विकायला आहे तोवर पुस्तक ‘उपलब्ध’, आणि पुस्तक उपलब्ध आहे तोवर करार जिवंत.

तेव्हापासून कोणी नवा लेखक करार दाखवायला आला की मी त्याला आधी एक कोरा कागद घ्यायला सांगते. त्यावर चार रकाने पाडायचे : कोणते हक्क दिले, रॉयल्टी किती आणि कशावर, किती काळासाठी, आणि हक्क परत कधी व कसे येणार. मग करार पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि या चारपैकी कशालाही हात घालणारं वाक्य दिसलं की कलमाच्या क्रमांकासह, जसंच्या तसं त्या रकान्यात उतरवायचं. आपल्या शब्दांत सारांश करायचा नाही, कारण सारांश करताना ‘अन्य सर्व’सारखे शब्दच आधी गळतात. शेवटचं पान आणि परिशिष्टही सोडायचं नाही. रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवायचा. करारात काय नाही, हे त्या कागदावरच पहिल्यांदा दिसतं.

पहिल्या रकान्यात दोन गोष्टी पाहायच्या. एक, हे हस्तांतरण आहे की परवाना. हस्तांतरणात तो हक्क प्रकाशकाचा होतो. परवान्यात हक्क तुमचा राहतो आणि प्रकाशकाला तो वापरायची मुभा मिळते. पण परवाना ‘अनन्य’ असेल तर त्या काळात तुम्ही स्वतःसुद्धा तो हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून पुस्तकाच्या आतल्या पानावर © चिन्हापुढे आपलं नाव छापलंय एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. माझ्याही पुस्तकावर ते होतं.

दुसरी गोष्ट, हक्क एकेक करून लिहिलेत की मोळी बांधून दिलेत. छापील मराठी आवृत्ती, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट व वेब मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशकाला विचारा, यातलं तुम्ही स्वतः काय करता? जे ते करत नाहीत, ते त्यांच्याकडे ठेवण्याचं कारण काय? ते मध्यस्थी करणार असतील तर येणाऱ्या पैशात लेखकाचा वाटा किती, हे त्याच कलमात यायला हवं.

दुसरा रकाना रॉयल्टीचा. इथे टक्क्याइतकाच त्याच्या पुढचा शब्द महत्त्वाचा असतो. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि रॉयल्टी १० टक्के. ‘छापील किमतीवर’ असं लिहिलं असेल तर एका प्रतीमागे ३० रुपये मिळतात. ‘निव्वळ प्राप्तीवर’ असं लिहिलं असेल आणि प्रकाशकाने विक्रेत्याला ४५ टक्के कमिशन दिलं, तर प्रकाशकाच्या हातात १६५ रुपये येतात आणि तुमच्या वाट्याला साडेसोळा. हजारपैकी शंभर प्रती अभिप्रायासाठी आणि भेट म्हणून गेल्या, उरलेल्या ९०० विकल्या गेल्या, तर पहिल्या हिशेबाने २७,००० रुपये होतात, दुसऱ्याने १४,८५०. दोन्हीकडे ‘दहा टक्के’च. निव्वळ प्राप्तीवरची रॉयल्टी वाईटच असते असं नाही, ई-बुकसाठी तीच रीत सोयीची पडते. पण मग टक्का जास्त हवा आणि ‘निव्वळ’ म्हणजे कशातून काय वजा करून, हे व्याख्येत हवं. मी पाहिलेल्या एका करारात जाहिरात आणि वाहतूक खर्चही वजा होत होता. तिथे किती उरेल हे लेखकाला आधी कळणं शक्यच नाही.

याच रकान्यात हिशेबाची तारीख लिहायची. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर किती दिवसांत पत्रक येणार, त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रती वेगवेगळ्या दाखवणार का? हे पत्रक पैशासाठी तर हवंच, पण चौथ्या रकान्यातही तेच कामी येतं. शिल्लक प्रती किती हे लेखी नसेल तर आवृत्ती संपली हे सिद्ध कसं करणार?

तिसरा रकाना मुदतीचा. ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते किती वर्षांचं आहे हे मोजून पाहा. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून आणखी ६० वर्षं राहतो. म्हणजे पस्तिशीतल्या लेखकाने आज सही केली तर करार त्याच्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत पोहोचू शकतो. मुदत वर्षांत लिहून घ्या, तीन किंवा पाच, आणि नूतनीकरण दोघांच्या लेखी संमतीनेच होईल असं म्हणा. ‘आपोआप नूतनीकरण’ दिसलं तर ते थांबवण्याची सूचना कधीपर्यंत द्यायची ती तारीखही कागदावर उतरवा.

हा रकाना रिकामा राहिला तर कायदा थोडा आधार देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरायचा. १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलम १९ परवान्यालाही लागू होतं. पण मला याचा उपयोग झाला नाही. माझ्या करारात मुदत अगदीच लिहिलेली नव्हती असं नाही. ‘उपलब्ध असेपर्यंत’ ही मुदतच आहे, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं, आणि त्यावर भांडायचं तर कोर्टात जावं लागलं असतं.

माझ्या वकील मैत्रिणीने मग कलम १९ चं चौथं पोटकलम दाखवलं. मिळालेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही तर त्या हक्कापुरतं हस्तांतरण संपुष्टात येतं, असं ते सांगतं. प्रकाशकांनी ऑडिओबुक कधी काढलंच नव्हतं, त्यामुळे निदान तो हक्क सुटेल असं आम्हाला वाटलं. पण याच पोटकलमात ‘करारात वेगळं नमूद केलं नसेल तर’ अशी अट आहे, आणि माझ्या कराराच्या शेवटच्या पानावर, न्यायक्षेत्राच्या कलमाखाली, वाक्य होतं : ‘कलम १९(४) मधील तरतूद या करारास लागू होणार नाही.’ नव्या लेखकाला या ओळीचा काहीच बोध होत नाही. कराराच्या मसुद्यात ‘१९(४)’ हा आकडा कुठेही दिसला तर ती ओळ काढायला सांगा. प्रकाशक अडून बसले तर एका वर्षाऐवजी दोन वर्षं करा, पण ती मुदत पूर्ण उडवू देऊ नका.

चौथा रकाना हक्क परत येण्याचा. नव्या लेखकांच्या करारात बहुधा हाच रिकामा असतो. इथे ‘पुस्तक बाजारात नसल्यास’ असे मोघम शब्द चालत नाहीत, मोजता येईल असं काहीतरी लागतं. पुढच्या पुस्तकाच्या वेळी मी लिहून घेतलेलं कलम असं आहे :

‘छापील प्रती संपल्यानंतर सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झाले नाही, अथवा एका आर्थिक वर्षात छापील प्रतींची विक्री ५० पेक्षा कमी झाली, तर लेखक प्रकाशकास लेखी सूचना देऊ शकेल. सूचना मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रकाशकाने किमान ३०० प्रतींचे पुनर्मुद्रण न केल्यास या करारातील सर्व हक्क लेखकाकडे परत येतील. केवळ ई-बुक अथवा मागणीनुसार छपाई चालू असल्यामुळे पुस्तक उपलब्ध आहे असे मानले जाणार नाही.’

आकडे तुमच्या पुस्तकाप्रमाणे बदला. कवितासंग्रहाला वर्षाला ५० प्रती जास्त होतील, पाठ्यपुस्तकाला कमी. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवा. सूचना स्पीड पोस्टाने द्यायची की ईमेल चालेल, हेही लिहा, नाहीतर ‘आम्हाला मिळालीच नाही’ हे उत्तर ठरलेलं. आधी कोणाला अनुवादाचा हक्क दिला गेला असेल तर तो परवाना चालू राहील, पण त्याचे पैसे यापुढे थेट लेखकाकडे येतील, एवढंही जोडा.

आता विरुद्ध बाजूही सांगते. प्रकाशकाने पैसे गुंतवलेले असतात, संपादन आणि मुखपृष्ठावर खर्च केलेला असतो. वर्षभरात हक्क काढून घेणारं कलम तो मान्य करणार नाही, आणि का करावं? म्हणून हक्क परत आल्यावर उरलेल्या प्रती विकायला त्याला सहा महिने द्या, किंवा त्या सवलतीत विकत घेण्याचा पहिला हक्क तुमच्याकडे ठेवा. मुखपृष्ठ आणि मांडणी सहसा प्रकाशकाची असते, ती नव्या आवृत्तीत वापरता येणार नाही हेही लक्षात असू द्या.

माझं प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं. ई-बुक काही काळ पहिल्या प्रकाशकांकडे राहिलं, छापील आणि ऑडिओचे हक्क मला परत मिळाले. फोनवर ‘घ्या, द्या तिकडे’ म्हणाले होते, तेवढ्यावर नव्या प्रकाशकांनी पुस्तकाला हात लावला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. पुस्तकाचं नाव, मूळ कराराची तारीख, परत केलेल्या हक्कांची यादी, कोणत्या तारखेपासून आणि प्रकाशनाच्या वतीने अधिकृत सही, एवढं असलेलं पत्र हातात आलं तेव्हाच नवा करार झाला.

तेव्हा करार आला की लगेच सही करू नका. चार रकाने भरा, रिकाम्या राहिलेल्या जागांचे प्रश्न एका ईमेलमध्ये लिहून पाठवा आणि उत्तरं करारात घालून मागा. सचोटीच्या प्रकाशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘एवढं काय लिहायचं, आपल्यात विश्वास आहे ना’ असं उत्तर आलं, तर तो विश्वास कागदावर उतरेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.