वाचनालयाचा संगणक सोडण्यापूर्वी

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले काही आठवडे कागदपत्रांतच जातात. घरात अजून प्रिंटर आलेला नसतो, लॅपटॉप असलाच तर कंपनीचा असतो आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डीएमव्हीत जायचे तर पासपोर्टसोबत आय-९४, म्हणजे देशातील प्रवेशाची नोंद, छापून न्यावी लागते. इथे स्थिरावलेली कुटुंबे अशा वेळी सार्वजनिक वाचनालयाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. वाचनालयाचे कार्ड नसले तरी अनेक ठिकाणी पाहुण्यांचा पास मिळतो, संगणक चांगला असतो आणि थोड्या पैशांत छपाई होते. याच कुटुंबांच्या अनुभवातून निघालेली दुसरी सूचना मात्र नवी मंडळी अर्धीच ऐकतात : उठण्यापूर्वी आपल्या खुणा पुसा. अर्धी ऐकतात असे म्हणण्याचे कारण, ‘पुसणे’ म्हणजे ब्राउझरची हिस्टरी काढणे, एवढाच अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. खुणा एकाच जागी साचत नाहीत, तीन जागी साचतात. एक जागा साफ केल्याने उरलेल्या दोन साफ होत नाहीत. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

एक साधा प्रसंग घेऊ. नवा आलेला माणूस वाचनालयात बसतो आणि i94.cbp.dhs.gov हा पत्ता उघडतो. तिथे खाते लागत नाही. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक भरला की नोंद समोर येते. ती तो पीडीएफ म्हणून जतन करतो. मग जीमेल उघडून घरभाड्याचा करार आणि बँकेचे स्टेटमेंट उतरवून घेतो, तिन्ही कागद छापतो, खिडकी बंद करतो आणि निघतो. मागे काय राहिले? पहिली जागा ब्राउझर. भेट दिलेल्या पत्त्यांची यादी तिथे आहेच, पण त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे चौकटीत टाइप केलेला मजकूर. पुढच्या माणसाने त्याच पानावर तीच चौकट टिचकली तर ब्राउझर आधीचा पासपोर्ट क्रमांक आपणहून सुचवू शकतो. दुसरी जागा डिस्क. Downloads फोल्डरमध्ये तीन फाइली तशाच पडून आहेत. तिसरी जागा या संगणकावर नाहीच, ती जीमेलच्या सर्व्हरवर आहे. खिडकी बंद केली म्हणजे साइन आउट झाले असे नव्हे. ओळख पटवणारी कुकी ब्राउझरमध्ये राहिली असेल तर पुढच्या माणसाने जीमेलचा पत्ता टाकताच आपलीच टपाल पेटी उघडेल.

पहिला आक्षेप इथेच येतो. ‘इन्कॉग्निटो खिडकी वापरली की हे सगळे टळते.’ ब्राउझरपुरते ते बरेचसे खरे आहे. क्रोम किंवा एजमध्ये Ctrl+Shift+N आणि फायरफॉक्समध्ये Ctrl+Shift+P दाबून उघडलेली खासगी खिडकी बंद केली की तिची हिस्टरी, कुकी आणि चौकटीतला मजकूर राहत नाही. म्हणून सुरुवात त्याच खिडकीने करावी. पण दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. अशा खिडक्या एकापेक्षा जास्त उघडल्या असतील तर सगळ्या बंद होईपर्यंत त्यांचे सत्र जिवंत असते. खाली टास्कबारवर एखादी लपून राहिली तर साइन-इनही राहते. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची मर्यादा : खासगी खिडकीतून उतरवलेली फाइल डिस्कवर तशीच राहते. ब्राउझर स्वतःची वही फाडतो, पण तुम्ही त्याच्याकडून घेऊन टेबलावर ठेवलेल्या कागदाला हात लावत नाही. Ctrl+J दाबल्यावर दिसणाऱ्या यादीतूनही अशीच फसगत होते. तिथली नोंद काढली की यादी रिकामी दिसते, पण बहुतेक वेळा फाइल जागच्या जागीच असते.

म्हणून डिस्ककडे वेगळे पाहावे लागते. आयत्या वेळी शोधाशोध नको असेल तर उतरवतानाच जागा ठरवावी. डेस्कटॉपवर एक फोल्डर करावा आणि सगळे तिथेच जतन करावे. ब्राउझर न विचारता Downloads मध्ये टाकत असेल तर फाइल उतरल्यावर लगेच त्या फोल्डरमध्ये हलवावी. काम संपल्यावर फोल्डर निवडून Shift+Delete दाबावे. नुसते Delete दाबले तर तो रीसायकल बिनमध्ये जातो आणि दोन टिचक्यांत परत येतो. यानंतर Downloads एकदा तारखेच्या क्रमाने लावून पाहावा. तिथे आपल्या फाइलीच्या नावापुढे `(1)` दिसला, तर त्याच नावाची एक फाइल आधी उतरली होती असे समजावे. पहिल्यांदा काही घडले नाही असे वाटून माणूस दुसऱ्यांदा टिचकतो, आणि मूळ प्रत विसरली जाते. कागद वर्डमध्ये किंवा पीडीएफच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडला असेल तर अलीकडच्या फाइलींच्या यादीत त्याचे नाव राहते. विंडोजमध्ये Windows+R दाबून पुढील ओळ टाकली की ती यादी फोल्डरसारखी उघडते आणि आपल्या नोंदी तिथून काढता येतात.

```
shell:recent
```

ही कटकट टाळायची तर पीडीएफ ब्राउझरच्या खासगी खिडकीतच पाहावी आणि तिथूनच छपाईला पाठवावी. डिस्कवर जे लिहिलेच गेले नाही ते पुसावेही लागत नाही. कॉपी-पेस्ट केले असेल तर Windows+V दाबून पाहावे. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर पासपोर्ट क्रमांक तिथेही दिसेल, आणि तिथेच तो काढून टाकता येतो.

तिसऱ्या जागेबाबत क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रत्येक खात्यातून साइन आउट करावे आणि मगच ब्राउझर साफ करावा. काहींनी घाईत साध्या खिडकीत जीमेल उघडलेले असते आणि क्रोमने विचारल्यावर ब्राउझरच आपल्या खात्याशी जोडून सिंक चालू केलेले असते. अशा स्थितीत Ctrl+Shift+Delete दाबून हिस्टरी किंवा पासवर्ड काढले तर ते घरच्या फोनवरूनही जाऊ शकतात, कारण आता ती नोंद या संगणकाची नसून खात्याची आहे. आधी ब्राउझरमधून खाते काढावे, मग साफसफाई करावी. Ctrl+Shift+Delete ने उघडणाऱ्या चौकटीत वेळेचा कालावधीही पाहावा. तो शेवटच्या एका तासापुरता असेल आणि आपण दीड तास बसलो असू, तर सुरुवातीचा अर्धा तास मागे राहतो. ‘पासवर्ड जतन करायचा का’ या प्रश्नाला चुकून होकार दिला असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधील पासवर्डच्या यादीत जाऊन तो वेगळा काढावा. नुसती हिस्टरी साफ केल्याने तो जात नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींकडून येतो. ‘वाचनालयाचे संगणक स्वतःच कोरे होतात.’ अनेक ठिकाणी डीप फ्रीझसारखी यंत्रणा असते, आणि तिच्यामुळे संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्क ठरलेल्या मूळ स्थितीत परत येते. पण वाक्यातला ‘पुन्हा सुरू झाला की’ हा भाग कळीचा आहे. तुम्ही उठलात, सत्र उघडे राहिले आणि पुढचा माणूस तसाच बसला, तर मूळ स्थिती परत यायला संधीच मिळालेली नसते. म्हणून एंड सेशनचे बटण असेल तर ते स्वतः दाबावे आणि पडदा सुरुवातीच्या पानावर येईपर्यंत थांबावे. रीस्टार्टची परवानगी असेल तर तेही करावे. शिवाय ही यंत्रणा फक्त त्या संगणकाची डिस्क पाहते. सर्व्हरवर उघडे राहिलेले जीमेल तिला दिसत नाही, आणि छपाईसाठी पाठवलेला पण यंत्राशी जाऊन न सोडलेला कागद रांगेतच राहतो. जास्तीची प्रत पाठवली गेली असेल तर ती रांगेतून काढायला काउंटरवर सांगावे.

तिसरा आक्षेप असा, की आपल्या कागदाला पासवर्ड आहे, मग तो राहिला तरी काय बिघडले? भारतातील कामासाठी इथून ई-आधार उतरवणाऱ्यांनी याचा नीट विचार करावा. त्या फाइलीचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. ज्याच्या हाती तुमचे आय-९४ लागले त्याच्याकडे नाव आणि जन्मतारीख दोन्ही आहेत, म्हणजे कुलूप आणि किल्ली शेजारी शेजारीच ठेवल्यासारखे झाले. ई-आधार लागणारच असेल तर मास्क्ड प्रत घ्यावी. तिच्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात.

उरतो सर्वांत कठीण आक्षेप. पुसलेली फाइल खास साधनांनी परत मिळवता येते आणि संगणकात कळा नोंदवणारा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर पासवर्ड तर आधीच गेलेला असतो. मग पुसण्याला अर्थ काय? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विंडोज फाइल काढते तेव्हा सहसा फक्त तिची जागा मोकळी म्हणून नोंदवते, आणि परक्या यंत्रावर त्याहून खोल साफसफाई आपल्या हातात नसते. पण वाचनालयात प्रत्यक्ष धोका असतो तो आपल्यानंतर त्याच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा, आणि त्याला जे सहज दिसते ते पुसणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. उरलेल्या धोक्यावरचा उपाय पुसण्यात नाही, तो न आणण्यात आहे. बँकेचे खाते अशा संगणकावर उघडूच नये. स्टेटमेंट आणि घरभाड्याचा करार स्वतःच्या फोनवर उतरवून घ्यावे आणि वाचनालयाची मोबाइल छपाईची सोय असेल तर तिथूनच पाठवावे. मग सार्वजनिक संगणकावर उरते फक्त आय-९४ चे पान, त्याला ना खाते लागते ना पासवर्ड.

शेवटी वेळेबद्दल. वाचनालयाचे सत्र ठरलेल्या मिनिटाला बंद होते आणि उघड्या खिडक्या तशाच ओढून नेते. म्हणून घड्याळात दहा मिनिटे उरली की नवे काही उतरवू नये. खात्यांतून साइन आउट, मग फोल्डर, मग ब्राउझर, आणि सरतेशेवटी सत्राचा शेवट, या क्रमाने जावे. घरी आल्यावर गूगल खात्यातील उपकरणांची यादी फोनवर पाहावी. तिथे अनोळखी विंडोज संगणक अजून दिसत असेल तर तिथूनच साइन आउट करावे. संगणकावर जीमेल उघडता येत असेल तर पानाच्या तळाशी Details वर टिचकून Sign out all other web sessions हेही बटण वापरता येते. वाचनालयाच्या संगणकावरच्या उरलेल्या दोन जागांपर्यंत घरून हात पोचत नाही. त्या खुर्ची सोडण्यापूर्वीच मोकळ्या झालेल्या असायला हव्यात.