संमतीची ई-मेल पुरत नाही

बोर्ड मीटिंग घाईने बोलवायची ठरली की कंपन्यांच्या फायलींतून एक जुना मसुदा बाहेर निघतो. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं : ‘स्वतंत्र संचालकांच्या संमतीने ही बैठक अल्प मुदतीच्या सूचनेवर बोलावण्यात येत आहे.’ बंगळूरच्या शिवाजीनगरात मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. असा मसुदा तपासायला आला की त्या वाक्यावर माझी पेन्सिल थांबते, कारण कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १७३(३) संमती मागतच नाही. ते हजेरी मागतं.

नियम तसा सोपा आहे. प्रत्येक संचालकाला किमान सात दिवस आधी लेखी सूचना द्यायची. तातडीचं काम असेल तर त्याहून कमी मुदत चालते, पण कंपनीत स्वतंत्र संचालक असतील तर त्यांतला किमान एक जण बैठकीला हजर हवा. तसा कोणीच आला नाही, तर घेतलेले निर्णय सगळ्या संचालकांना पाठवायचे. किमान एका स्वतंत्र संचालकाने त्यांना दुजोरा दिला की मगच ते अंतिम होतात. संमतीची कल्पना बहुधा सर्वसाधारण सभेच्या नियमांतून इथे शिरली असावी. तिथे, कलम १०१ खाली, अल्प मुदतीसाठी सभासदांची संमती खरोखरच लागते.

या फरकाने माझ्या एका अशिलाला चांगलंच अडकवलं होतं. कंपनी पब्लिक लिमिटेड, पण शेअर बाजारात नोंद नसलेली. कर्जं पन्नास कोटींच्या वर गेलेली, त्यामुळे बोर्डावर दोन स्वतंत्र संचालक. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत शनिवारी संपत होती. बुधवारी संध्याकाळी शुक्रवार सकाळच्या बैठकीची नोटीस निघाली. एका स्वतंत्र संचालकांनी ‘माझी हरकत नाही’ अशी ई-मेल पाठवली आणि शुक्रवारी बैठकीच्या वेळी ते विमानात होते. दुसरे परदेशात होते. त्यांना फोनही झाला नव्हता, कारण एकाची संमती आली म्हणजे काम झालं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. गणपूर्ती झाली, ठराव झाला, प्रमाणित प्रत बँकेत गेली. बँकेच्या विधी अधिकाऱ्याने उपस्थितांची यादी मागितली आणि प्रत परत पाठवली.

मग माझ्याकडे फोन. ठराव फिरवून मंजूर करून घेता येईल का, हा पहिला प्रश्न. नाही, कर्ज उभारण्याचा निर्णय कलम १७९(३) प्रमाणे बोर्डाच्या बैठकीतच घ्यावा लागतो. उरला दुजोऱ्याचा मार्ग. शुक्रवारी दुपारीच निर्णयांचा मजकूर सर्व संचालकांना गेला, विमानातून उतरलेल्या संचालकांनी संध्याकाळी ‘मी या निर्णयांना दुजोरा देतो’ असं स्पष्ट लिहिलं आणि शनिवारी बँकेने कागद घेतले. बैठकीआधीची ‘हरकत नाही’ इथे चालली नसती. जो निर्णय अजून झालेलाच नाही, त्याला दुजोरा कसा देणार?

म्हणून आधी स्वतंत्र संचालकांना फोन करावा आणि बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी. व्हिडिओवरून भाग घेतला तरी हजेरी धरली जाते. शुक्रवारी सकाळी विमानतळावरून अर्धा तास जोडून घेतलं असतं, तरी हा घोळ झाला नसता. नोटीस नंतर लिहावी. ती इंग्रजीतच निघते. गाभा असा असावा :

‘कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक अमुक तारखेला, अमुक वेळी, नोंदणीकृत कार्यालयात होईल. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत अमुक तारखेला संपत असल्याने ही बैठक कलम १७३(३) नुसार अल्प मुदतीच्या सूचनेवर बोलावली आहे. व्हिडिओद्वारे भाग घेता येईल. दुवा सोबत आहे. किमान एका स्वतंत्र संचालकाची उपस्थिती आवश्यक आहे. कोणीही उपस्थित नसल्यास निर्णय सर्व संचालकांना पाठवले जातील आणि एका स्वतंत्र संचालकाच्या दुजोऱ्यानंतरच अंतिम होतील.’

बैठक अल्प मुदतीची आहे हे नोटिशीतच सांगावं, असं बोर्ड बैठकांचं सचिवीय मानक, एसएस-१, म्हणतं. तातडीचं कारण लिहायला कायदा सांगत नाही, पण मी ते घालतेच. तातडी म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही आणि पुढे कोणी विचारलं तर हाच कागद बोलतो. विषयपत्रिकेत मात्र तातडीचेच विषय ठेवावेत. घाईच्या बैठकीत नातेवाइकाची नेमणूक घुसवणारे मी पाहिलेत.

मुदत कमी केली तरी नोटीस प्रत्येक संचालकाला जायलाच हवी, परदेशातल्याला आणि रजेवरच्यालाही. हे चुकलं तर जबाबदार अधिकाऱ्याला २५,००० रुपये दंड आहे. ई-मेल पाठवल्याचा पुरावा फायलीत ठेवावा.

ज्या प्रायव्हेट कंपनीत स्वतंत्र संचालकच नाही, तिथे हजेरीची ही अट लागू होत नाही. तिथे एसएस-१ बहुमत बघतं : एकूण संचालकांपैकी बहुसंख्यांनी बैठकीतच मंजुरी दिली नसेल, तर निर्णय अंतिम व्हायला त्यांचा दुजोरा लागतो. पाचपैकी दोघेच आले आणि दोघांनीही होकार दिला, तर गणपूर्ती होते, पण तिसऱ्याचा दुजोरा येईपर्यंत प्रमाणित प्रत कोणाला देऊ नये.