कोरी कॉफी आणि शरीराचे वजन : पुरावा कोणता, दावे कोणते?

बिनदुधाची व बिनसाखरेची कॉफी प्याल्याने वजन झपाट्याने उतरते, असा समज अलीकडे शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही पसरला आहे. शिक्षक-कक्षात, कचेरीत आणि लग्नकार्यातही ‘ब्लॅक कॉफी’च्या गुणांची चर्चा ऐकू येते. या समजुतीत तथ्याचा अंश आहे. तथापि, तो लोक समजतात त्या ठिकाणी नसून भलत्याच ठिकाणी आहे.

कॅफिनचा परिणाम किती?

कॉफीतील कॅफिन हे द्रव्य शरीराचा ऊर्जाव्यय वाढविते, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 100 मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यानंतर विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय सुमारे अडीच तासांपर्यंत 3 ते 4 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. टक्केवारी ऐकून मन सुखावते. परंतु तिचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे.

एखाद्या प्रौढ व्यक्तीचे शरीर पूर्ण विश्रांतीत दिवसाला सुमारे 1,500 उष्मांक खर्च करते, असे धरू. अडीच तासांत हा खर्च साधारण 156 उष्मांकांचा होतो. त्याचे 3 ते 4 टक्के म्हणजे अवघे 5 ते 6 उष्मांक. एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, साखरेत 20 उष्मांक असतात. याचा अर्थ असा की, एका कपातील कॅफिनमुळे या काळात जी ऊर्जा अधिक खर्च होते, ती पाव चमचा साखरेएवढीच असते.

याच अभ्यासात दर दोन तासांनी कॅफिन देऊन दिवसभरात 600 मिलिग्रॅमची मात्राही देण्यात आली. तेव्हा सडपातळ व्यक्तींचा ऊर्जाव्यय दिवसाला सुमारे 150 उष्मांकांनी वाढला; परंतु पूर्वी स्थूल असलेल्या व्यक्तींमध्ये ही वाढ जवळपास निम्मीच, म्हणजे 79 उष्मांकांची होती. ज्यांना गरज अधिक, त्यांनाच लाभ कमी, असा हा प्रकार आहे. शिवाय 600 मिलिग्रॅम ही मात्रा रोज घेण्याजोगी नाही.

दीर्घ काळाचे प्रयोग काय सांगतात?

काही तासांचा परिणाम आणि काही महिन्यांनी काट्यावर दिसणारे वजन या दोन भिन्न गोष्टी आहेत. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि 1992 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहारनियंत्रण करणाऱ्या स्थूल व्यक्तींपैकी एका गटास दिवसातून तीन वेळा 200 मिलिग्रॅम कॅफिन देण्यात आले, तर दुसऱ्या गटास औषधविरहित गोळी देण्यात आली. 24 आठवड्यांनंतर कॅफिन घेणाऱ्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटलेले नव्हते.

सिंगापूर येथील 2020 सालचा प्रयोग भारतीय वाचकांना अधिक जवळचा आहे. कारण त्यात चिनी व मलय लोकांबरोबर भारतीय वंशाच्या व्यक्तीही होत्या. वजन अधिक असलेल्या 126 जणांपैकी काहींनी 24 आठवडे रोज चार कप कॉफी घेतली, तर इतरांनी कॉफीसारखे लागणारे दुसरे पेय घेतले. मुख्य प्रश्न इन्शुलिनच्या कार्याचा होता. त्यात फरक पडला नाही. शरीरातील चरबी मात्र कॉफी घेणाऱ्या गटात तुलनेने 3.7 टक्क्यांनी कमी झाली. ज्याच्या शरीरात 25 किलो चरबी आहे, त्याच्या बाबतीत ही घट सहा महिन्यांत एक किलोहूनही कमी भरते.

खरा लाभ कपात नसलेल्या वस्तूंचा

मग कोऱ्या कॉफीने वजन उतरल्याचे जे लोक सांगतात, ते सर्वच चुकीचे सांगतात काय? तसे नाही. उदाहरणादाखल, रोज तीन कप दुधाची गोड कॉफी घेणारे एक शिक्षक आहेत, असे समजू. प्रत्येक कपात 100 मिलिलिटर गायीचे दूध व दोन चमचे साखर धरली, तर दुधाचे सुमारे 65 आणि साखरेचे 40, मिळून 105 उष्मांक होतात. कोऱ्या कॉफीच्या कपात ते जेमतेम 2 ते 5 असतात. म्हणजे दर कपामागे 100 आणि दिवसाला 300 उष्मांकांची बचत होते. कॅफिनचे तीन कपांचे काम मिळून पंधरा-अठरा उष्मांकांचे; दूध-साखर वगळण्याचे काम तीनशेंचे!

ही बचत मात्र सशर्त आहे. कडू कॉफीबरोबर चार बिस्किटे आली अथवा दुपारी भूक लागून फरसाण खाल्ले गेले, तर ती तेथेच संपते. तसेच जो मुळात गोड कॉफी वा चहा घेतच नव्हता, त्याने कोरी कॉफी नव्याने सुरू केल्यास वाचण्यासारखे काहीच नसते. वगळलेल्या दुधातील प्रथिने व कॅल्शियम आहारात अन्य मार्गाने येणेही आवश्यक आहे.

दुर्लक्ष करावे असे दावे

कॉफीत लिंबू पिळल्याने चरबी वितळते, या दाव्याला विश्वसनीय पुरावा नाही. कॉफीने ‘पोट साफ’ होऊन किंवा लघवी अधिक होऊन काट्यावर जो फरक दिसतो, तो मल व पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे.

हिरव्या कॉफीच्या अर्काची हकीकत तर बोधप्रद आहे. 2012 साली भारतात केलेल्या एका प्रयोगाच्या आधारे, या अर्काने 22 आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन घटते, असा निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगात अवघ्या 16 व्यक्ती होत्या. दूरचित्रवाणीवरून गाजावाजा होऊन गोळ्यांचा खप वाढला. पुढे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने असा आरोप ठेवला की, वजनाच्या नोंदी वारंवार बदलण्यात आल्या आणि कोणास अर्क दिला व कोणास नाही, याचीही चुकीची माहिती देण्यात आली. 2014 साली संबंधित अमेरिकी कंपनीने 35 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि त्याच वर्षी लेखकांनी निबंध मागे घेतला. गोळ्यांच्या जाहिराती मात्र थांबल्या नाहीत.

मर्यादा आणि सावधगिरी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेऊ नये. 150 मिलिलिटर उकळलेल्या कॉफीत 80 ते 120, तर इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. चहातील कॅफिनही याच हिशेबात धरावे लागते. जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही संस्थेने सांगितले आहे. कारण त्यामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी व किशोरवयीन मुलींनी वजन उतरविण्यासाठी जेवणाऐवजी कॉफी घेणे म्हणूनच घातक ठरते. इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने असे जेवण चुकविल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गरोदर स्त्रियांसाठी कॅफिनची मर्यादा याहून कमी असून तिच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना कोरी कॉफी करून पाहावयाची असेल, त्यांनी आधी आठवडाभर आपल्या चहा-कॉफीत रोज किती चमचे साखर पडते, ते लिहून ठेवावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, त्याच काट्यावर वजन करावे. महिनाभरात वजन हलले नाही, तर कॉफीचे कप वाढवू नयेत. ताटात आणि बशीत काय वाढले आहे, ते पाहावे.