एआयने पुसलेली त्वचा परत आणण्याचे काम : छायाचित्र-रिटचिंगमधील एक नवे कौशल्य

बऱ्हाणपूरच्या इतवारा भागातील बारावीचा एखादा विद्यार्थी फोटो एडिटिंगमध्ये काम करायचे म्हणू लागला, तर घरची माणसे पहिला प्रश्न हाच विचारतात की हे सगळे एआय करू लागल्यावर मुलाच्या हाताला काम काय उरणार. गाल गुळगुळीत करणे, पुरळ पुसणे, रंग उजळणे ही किरकोळ कामे यंत्राकडे गेली आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कोणी या क्षेत्रात येऊ नये. मात्र यंत्राने केलेल्या फेरफारातूनच एक वेगळे काम निर्माण झाले आहे. स्थळासाठी काढलेल्या फोटोतील चष्मा एआयकडून काढून घेतला, चेहऱ्यावरचा प्रकाश थोडा मऊ करून घेतला, की फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण मोठ्या पडद्यावर किंवा अल्बममध्ये चेहरा मेणाचा किंवा प्लास्टिकचा भासतो. त्या चेहऱ्यावर त्वचेची छिद्रे, बारीक रेषा आणि लव परत आणणे, म्हणजे त्वचेचा पोत पूर्ववत करणे, हे ते काम होय.

पोत नेमका कोठे हरवतो, हे एका उदाहरणाच्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, मूळ फोटो 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर काढलेला, म्हणजे 6000 × 4000 पिक्सेलचा आहे आणि त्यात चेहऱ्याची रुंदी 1400 पिक्सेल भरते. प्रत्यक्षात चेहरा साधारण 14 सेंटिमीटर रुंद धरला, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला 10 पिक्सेल येतात आणि पाव मिलिमीटरचे ठळक छिद्र अडीच पिक्सेलांत उमटते. एआयकडून फोटो परत आला तो 1536 × 1024 पिक्सेलचा. त्यात चेहरा सुमारे 358 पिक्सेलांचा उरतो आणि तेच छिद्र 0.6 पिक्सेलवर येते, म्हणजे एका पिक्सेलमध्येही ते पुरेसे बसत नाही. शिवाय अशा अनेक प्रणाली फोटोवर थेट काम न करता आधी त्याचे आक्रसलेले सांकेतिक रूप तयार करतात, आणि त्या रूपातून चित्र पुन्हा उभे करताना सूक्ष्म तपशील मूळचा न राहता अंदाजाने भरला जातो. त्यामुळे एआयने दिलेली फाइल कितीही मोठी केली किंवा शार्प केली, तरी त्या व्यक्तीची छिद्रे तीतून निघत नाहीत. ती मूळ फाइलमधूनच आणावी लागतात.

ती आणण्याच्या पद्धतीला व्यवसायात फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. कापडाचा रंग आणि वीण एकमेकांपासून सोडवता आली असती, तर एका कापडाची वीण दुसऱ्याच्या रंगावर बसवता आली असती. कापडाबाबत जे शक्य नाही, ते फोटोबाबत साधते. फोटो धूसर केला की त्यात मोठे छायाप्रकाश व रंग तेवढे उरतात, आणि मूळ फोटोतून हा धूसर फोटो वजा केला की शिल्लक राहते ती केवळ बारीक वीण, म्हणजे पोत. एआयच्या फोटोतून छायाप्रकाश घ्यायचा आणि मूळ फोटोतून पोत घ्यायचा, एवढेच यामागचे तत्त्व आहे.

हे काम GIMP या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येते, त्यामुळे सुरुवातीलाच महागडी वर्गणी भरण्याचे कारण नाही. प्रथम एआयची फाइल मूळ फोटोच्या मापाला मोठी करून दोन्ही थर एकमेकांवर ठेवावेत आणि वरच्या थराला Difference हा मोड द्यावा. डोळ्यांच्या व ओठांच्या कडा दुहेरी, उजळ रेषांसारख्या दिसल्या, तर चेहरा काही पिक्सेल सरकलेला आहे असे समजावे आणि थर हलवून तो जुळवून घ्यावा आणि मोड पुन्हा Normal करावा. ही पायरी टाळली की पुढचे सारे श्रम वाया जातात. त्यानंतर मूळ थराची प्रत घेऊन तिला Gaussian Blur द्यावा, तिचा मोड Grain extract करावा आणि खाली फक्त मूळ थर दिसत असताना New from Visible ने नवा थर तयार करावा. हा करड्या रंगाचा थर म्हणजेच पोत. एआयचा थर त्याच मापाने धूसर करून त्यावर हा करडा थर Grain merge मोडमध्ये ठेवला, की त्वचा परत येते.

धूसरतेचे माप हा सर्वस्वी नजरेचा भाग आहे. वरील उदाहरणात Size X आणि Size Y 6 च्या आसपास ठेवणे योग्य ठरेल. 2 ठेवले तर छिद्रे अर्धवट, फिकट येतात. 20 ठेवले तर पोताबरोबर जुन्या सावल्याही येतात आणि एआयकडून मऊ करून घेतलेला प्रकाश पुन्हा कडक होतो. हा पोत सगळ्या चेहऱ्यावर सरसकट पसरवायचा नसतो. पापण्या, ओठांची कड, नाकपुड्या आणि केसांची रेघ येथे एआयचा धूसर न केलेला थरच मास्कने, म्हणजे थराचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या आवरणाने, राखावा लागतो, आणि कपाळ, गाल, नाक, हनुवटी एवढ्याच भागावर पोत उघडावा लागतो.

खरी परीक्षा चष्म्याच्या जागी होते. मूळ फोटोत तेथे फ्रेम आहे, तेव्हा पोताच्या थरातही फ्रेमचीच कड उमटते आणि तसेच पुढे गेल्यास चेहऱ्यावर चष्म्याचे भूत दिसू लागते. ती कड पोताच्या थरावर Clone अवजाराने काढून शेजारची त्वचा भरावी लागते. परंतु शेजार कोणता, हे कळण्यासाठी चेहरा माहीत असावा लागतो : नाकावरची छिद्रे ठळक आणि दाट असतात, तर डोळ्याखालची त्वचा पातळ असून तिच्यावर छिद्रांपेक्षा बारीक सुरकुत्या अधिक असतात, म्हणून नाकावरचा पोत डोळ्याखाली चिकटवला की सामान्य माणसालाही काहीतरी खटकते. घाईचा उपाय म्हणून पुष्कळजण सगळ्या चेहऱ्यावर एकसारखे नॉइज, म्हणजे कृत्रिम दाणे, टाकतात. ते दाणे दातांवर आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरही दिसले, की लबाडी उघडी पडते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एआयने चेहरा वळवला किंवा हसू बदलले, तर मूळ पोत त्यावर बसत नाही. डावीकडचा प्रकाश उजवीकडे नेला असेल, तर प्रत्येक छिद्राची सावली उलट्या बाजूला राहते आणि खड्डा उंचवट्यासारखा दिसू शकतो. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोच्या रूपाने आला असेल, तर दाबलेल्या फाइलमध्ये पोत आधीच गेलेला असतो, तेव्हा काम स्वीकारण्यापूर्वीच कॅमेऱ्यातील फाइल मागावी. आणि फोटो 4 × 6 इंचांवरच छापायचा असेल, तर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांच्या छपाईला, तो केवळ 1800 × 1200 पिक्सेलचा होतो. त्यात छिद्रे तशीही दिसत नाहीत, म्हणून हे श्रम 12 × 18 इंचांच्या अल्बमसाठीच करावेत. पासपोर्टसारख्या ओळखपत्राच्या फोटोत तर चेहरा बदलणारे संपादन मुळातच चालत नाही.

या सगळ्यात बटणे आठवड्याभरात शिकता येतात. प्रकाश कोठून पडतो आणि गालाचा गोलावा कोठे वळतो हे ओळखायला मात्र चित्रकलेचे शिक्षण लागते. बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी मुंबईचे सर जे. जे. जितके खुले आहे, तितकेच इंदूरही आहे, जेथे कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकले आणि जेथे आजही शासकीय ललित कला संस्था आहे. पदवीला जाणे शक्य नसेल, तर रोज एका चेहऱ्याचे पेन्सिलने रेखाटन आणि एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे उमेदवारी हा दुसरा मार्ग आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. काम मागायला जाताना विद्यार्थ्याने नुसते सुंदर चेहरे दाखवू नयेत. मूळ, एआयने बदललेला आणि दुरुस्त केलेला अशी एकाच गालाची तीन चित्रे 100 टक्के आकारात शेजारी ठेवून दाखवावीत.

पालकांनी एखाद्या खासगी एडिटिंग क्लासची फी भरण्यापूर्वी तेथे दोन गोष्टी विचाराव्यात : विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यातील मूळ फाइलवर काम करायला मिळते का, आणि केलेले काम मोठ्या आकारात छापून तपासले जाते का. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो क्लास सोडून द्यावा.