पावतीचा भाव आणि पावतीमागची नाणी

2022 च्या जूनमध्ये माझ्या एका मित्राचा रात्री उशिरा फोन आला. "अरे, माझे इथर तर सुरक्षित आहेत ना? मग पावती स्वस्त का झाली?" त्याच्याजवळ आणि माझ्याजवळ तीच पावती होती, लिडोची stETH. त्या महिन्यात त्याला मोठा फटका बसला, मला बसला नाही. त्यात माझी हुशारी काही नव्हती. त्याने पावती तारण ठेवली होती, मी ठेवली नव्हती, एवढाच फरक.

इथेरियमच्या जाळ्यात व्यवहार तपासण्याच्या कामासाठी इथर अडकवून ठेवले की त्यावर मोबदला मिळतो. स्वतः हे करायचं तर 32 इथर आणि अखंड चालू राहणारा संगणक लागतो. लिडोसारखी व्यवस्था लोकांचे थोडेथोडे इथर गोळा करून हे काम संगणक चालवणाऱ्यांकडून करून घेते, मोबदल्यातले 10 टक्के कापते आणि दिलेल्या प्रत्येक इथरमागे एक stETH देते. मोबदला जमेल तशी आपल्या खात्यातली stETH ची संख्या रोज किंचित वाढते. गोदामात सोयाबीन ठेवून पावती घ्यावी आणि ती बाजारात फिरवावी, तसाच हा प्रकार.

पण जून 2022 मध्ये या गोदामाचं दार आतून उघडतच नव्हतं. अडकवलेले इथर परत काढण्याची सोय इथेरियममध्ये एप्रिल 2023 च्या सुधारणेनंतर आली आणि लिडोने ती मे 2023 मध्ये सुरू केली. तोपर्यंत पावती मोडायची एकच वाट होती, ती बाजारात कुणाला तरी विकणं. मे महिन्यात टेरा हे आभासी चलन कोसळलं, 12 जूनला सेल्सियस या कंपनीने ग्राहकांचे पैसे काढणं थांबवलं आणि रोख हवी असलेले सगळे एकदमच stETH विकायला निघाले. कर्व्ह या बाजारावरच्या ज्या साठ्यात ही अदलाबदल व्हायची, तिथे stETH चे ढीग साचले आणि इथर जेमतेम पाचवा हिस्सा उरले. भाव 0.94 इथरच्या आसपास आला. मागचे इथर जिथल्या तिथे होते, घसरली होती फक्त थांबायची तयारी नसलेल्यांना मिळणारी किंमत.

मित्राचा हिशेब आकडे सोपे करून मांडतो. त्याच्याकडे 10 stETH होते. ते तारण ठेवून त्याने इथर उसने घेतले, त्यांचे पुन्हा stETH केले, तेही तारण ठेवले. असे फेरे मारून तारण 30 stETH झालं आणि कर्ज 20 इथर. मोबदला 4 टक्के आणि कर्जाचं व्याज 2 टक्के धरलं, तर वर्षाला 1.2 मिळून 0.4 जातात, म्हणजे 10 इथरवर 8 टक्के सुटतात. कागदावर झकास! पण भाव 0.94 झाला की 30 stETH चे 28.2 इथर होतात. कर्ज फेडून हाती 8.2 उरतात. भाव 6 टक्के उतरला, भांडवल 18 टक्के गेलं. तारणाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपलीकडे कर्ज गेलं की तारण सक्तीने विकलं जातं, असा नियम धरला तर ती वेळ 0.89 च्या आसपास येते. मित्राने त्याआधीच घाबरून सगळं मोडलं. ज्यांनी आणखी फेरे मारले होते, त्यांच्यासाठी ही रेघ 0.93 च्या जवळ सरकली होती.

वर आपल्याकडचा कर. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के, आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही नफ्यातून वजा करता येत नाही. घाईने तोट्यात विकणाऱ्याला ही सरकारी चपराक वेगळी.

आज दार उघडतं, पण रांग लावून. बाहेर पडणाऱ्यांची गर्दी झाली की रांग वाढते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ती महिन्याहून लांब होती. तरी दार उघडतं म्हणून भाव आता पूर्वीइतका सहज घसरत नाही, कारण स्वस्तात घेऊन रांगेत उभे राहणारे व्यापारी असतात. पण तेही थांबण्याच्या दिवसांचं मोल भावातून कापून घेणारच. याखेरीज काम करणाऱ्याने नियम मोडल्यास होणारी इथरची कपात सगळ्या पावतीधारकांत वाटली जाते, आणि मधल्या प्रोग्राममध्ये खोट निघाली तर पावतीमागचे इथरच धोक्यात येतात. इथर थेट स्वतः अडकवणाऱ्याला हा दुसरा धोका नसतो.

कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. परत मिळण्याची रांग आज किती दिवसांची आहे. अदलाबदलीच्या साठ्यात इथर किती आणि पावत्या किती; पावत्यांचा वाटा फुगत असेल तर लोक दाराकडे निघाले आहेत असं समजा. आणि तारण ठेवलंच असेल, तर कर्जाला तारणाच्या संख्येने आणि मर्यादेने भागून तुमची रेघ काढा: 20 भागिले 30, भागिले 0.75. तो आकडा 0.94 च्या जवळ येत असेल, तर आजच थोडं कर्ज फेडून टाका.